तंबोऱ्याची जवारी पुन्हापुन्हा का बसते? आधी एक तार, मग दोन तारा

तक्रार बहुतेक वेळा अशी येते: "सर, काल संध्याकाळी तंबोरा छान बोलत होता, आज सकाळी काढला तर खर्ज मुका. दोरा सरकवला की पाच मिनिटं उघडतो, मग परत तेच." कुणी दोरा बदलून पाहतं, कुणी तारा बदलतं, कुणी घोडी घासून आणतं. आठवड्याभराने तक्रार जशीच्या तशी समोर उभी राहते.

ही तक्रार परत परत येण्याचं मुख्य कारण मला एकच दिसतं. तंबोऱ्याची झळाळी दोन वेगळ्या गोष्टींतून तयार होते. एक म्हणजे प्रत्येक तारेच्या आत उपस्वरांची चाललेली हालचाल; ही घोडी आणि दोरा घडवतात. दुसरी म्हणजे चार तारांचे उपस्वर एकमेकांवर येऊन बसणं; हे स्वर किती नेमका लावला आहे त्यावर ठरतं. बिघाड पहिल्यात असताना आपण खुंटी पिळतो आणि दुसऱ्यात असताना दोरा ओढतो. शिवाय खुंटी पिळली की दोरा हलतो आणि दोरा हलवला की स्वर हलतो. त्यामुळे एक दुरुस्ती दुसरी बिघडवत राहते. या चक्रातून बाहेर पडायचं तर आधी बिघाड कोणत्या बाजूचा आहे हे पक्कं करावं लागतं.

छेडल्यावर तारेत काय घडतं

आकडे समोर असले की पुढचं सोपं जातं, म्हणून काळी एकमध्ये लावलेला पुरुषी तंबोरा धरू. जोडीचा षड्ज १३८.६ हर्ट्झ, खर्ज त्याच्या निम्मा म्हणजे ६९.३, आणि मंद्र पंचम खर्जाच्या दीडपट, म्हणजे साधारण १०४.

खर्जाची तार छेडली की ती ६९.३ वर हलते, आणि त्याच वेळी त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वेगानेही हलते. मूळ कंपनाला पहिला उपस्वर मानू, दुपटीला दुसरा, असं मोजत जाऊ. दुसरा येतो षड्जावर, तिसरा २०७.९ वर म्हणजे पंचमावर, चौथा पुन्हा षड्जावर, पाचवा ३४६.५ वर म्हणजे शुद्ध गंधारावर. कुणीही न लावलेला जो गंधार खर्जातून ऐकू येतो आणि ज्याला गवई स्वयंभू गंधार म्हणतात, तो हाच पाचवा उपस्वर. सहावा पुन्हा पंचम, सातवा कोमल निषादाच्या किंचित खाली, आठवा षड्ज, नववा ऋषभ, आणि पुढेही असंच.

एवढं कुठल्याही ताणलेल्या तारेत असतं. पण साध्या, अरुंद धारेच्या घोडीवर बसवलेल्या तारेत वरचे उपस्वर छेडताक्षणी सगळ्यात मोठे असतात आणि लगेच मरतात. मागे उरतो एक गोल, मऊ, विझत जाणारा आवाज. तंबोऱ्यात याच्या उलट होतं. छेडल्यानंतर क्षणभराने आवाज उघडतो, वरचे स्वर उगवतात, आणि नाद विरत असताना त्यांच्यातला सर्वात ठळक भाग हळूहळू खालच्या उपस्वरांकडे उतरत येतो. उतरताना तो ऋषभ, षड्ज, कोमल निषाद, पंचम, गंधार यांना एकामागून एक स्पर्श करतो. झळाळी म्हणतो ती हीच उतरंड. प्रत्येक उपस्वर एका जागी स्थिर असतो. बदलतं ते त्यातला कोणता, कोणत्या क्षणी पुढे येतो हे.

असं का होतं? तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिच्या माथ्याला अगदी सौम्य उतार असतो. दोरा तारेखाली ठेवला की तार किंचित उचलली जाते आणि दोऱ्यापुढच्या घोडीच्या पृष्ठभागावर केसभर अंतराने तरंगते. खाली येणारी प्रत्येक हालचाल तारेला त्या पृष्ठभागावर हलकेच टेकवते. हा स्पर्श फार थोडा वेळ टिकतो, आणि इतका अल्प धक्का तारेला बसला की त्यातून वरचे उपस्वर निर्माण होतात. म्हणजे मोठ्या, संथ कंपनातली ऊर्जा दर फेरीला थोडी थोडी वरच्या उपस्वरांत भरली जाते. तारेला स्वतःचा कडकपणा असतो, त्यामुळे तारेतून धावताना वेगवान कंपनं संथ कंपनांपेक्षा जरा पुढे निघतात. एका टणत्काराऐवजी पसरलेला, सरकत जाणारा झोत तयार होतो तो यामुळे. दोरा आणि घोडीची पुढची धार यांच्यातलं अंतर बदललं की हा झोत कोणत्या उपस्वरांवर बसतो तेही बदलतं. दोरा सावकाश सरकवत तार छेडत राहिलात तर झोत सरकताना स्पष्ट ऐकू येतो.

एका बोटाची परीक्षा

सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा यांच्यावर लिहिलेल्या निबंधात एक निरीक्षण नोंदवलं आहे. त्याचा उपयोग आपल्याला बिघाड शोधायला होतो. ध्वनिशास्त्राचा जुना नियम असा की ज्या बिंदूवर तार छेडाल, तिथे ज्या उपस्वरांचं कंपन शून्य असतं ते उपस्वर निर्माण होत नाहीत. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा असे सगळे सम उपस्वर गैरहजर असायला हवेत. मग त्याच बिंदूला बोट लावलं तर विषम उपस्वरही थांबतात आणि तार गप्प व्हायला हवी. रामन यांना दिसलं की तंबोऱ्याची तार गप्प होत नाही. जे उपस्वर असायलाच नकोत तेच जोरात गातात. ते बोटाने घातलेले नसतात. घोडीने मागाहून भरलेले असतात.

याचा अर्थ आपल्यासाठी सरळ आहे. जवारी काम करते आहे का, हे यातून तारेलाच विचारता येतं.

बाकीच्या तीन तारांवर दांडीपाशी मऊ कापडाची पट्टी विणून त्या बंद करा. हे टाळू नका, कारण उघड्या तारा आपोआप गुंजू लागतात आणि मेलेल्या तारेला उसना जीव देतात. अटीपासून घोडीपर्यंत अंतर मोजा. ते ९५ सेंटिमीटर भरलं तर मध्य साडेसत्तेचाळीसवर येतो. नेमका बिंदू कानाने पक्का करा: तिथे बोट हलकं टेकवून तार दुसरीकडे छेडली की वरचा षड्ज जिथे सगळ्यात स्वच्छ वाजतो तो मध्य. आता बरोबर त्या बिंदूवर, बोटाच्या मऊ भागाने, नेहमीच्या जोराने तार छेडा. सेकंदभर थांबा. मग त्याच बिंदूला बोटाची कड अलगद लावा.

जवारी उघडी असेल तर वरचा षड्ज आपल्या सगळ्या परिवारासह झळकत राहील, जणू तिथे एक निम्म्या लांबीची तार चालूच होती. जवारी बंद असेल तर क्षीण, निस्तेज असं काहीतरी उरेल आणि विझेल. बोटाने छेडताना बिंदू अगदी नेमका साधत नाही, त्यामुळे पूर्ण शांतता कधीच मिळणार नाही. म्हणून फरक कानात बसवायला एकदा मुद्दाम मुकी तार तयार करा: घोडीच्या दांडीकडच्या कडेवर तारेखाली काडेपेटीची काडी सरकवा. तार घोडीवरून पूर्ण उचलली जाते आणि साधी तार बनते. तिच्यावर हीच परीक्षा करा, मग काडी काढून पुन्हा करा. एवढा फरक ऐकला की पुढे काडीची गरज लागत नाही.

चारही तारा अशा एकेक करून तपासायच्या. एखादी नापास झाली तर बिघाड घोडी, दोरा आणि तार यांच्यात आहे. चारही पास झाल्या आणि तरी एकत्र छेडल्यावर तंबोरा कोरडा, अस्वस्थ वाटत असेल तर दोऱ्याला हातही लावू नका. बिघाड स्वर मिळवण्यात आहे.

तार नापास झाली तर

नापास होण्याच्या दोन तऱ्हा असतात आणि त्या कानाला वेगळ्या लागतात. पहिल्या तऱ्हेत आवाज गोल, लांब, पण सपाट असतो. तार घोडीला टेकतच नाही, किंवा टेकण्याइतकी जवळ नाही. दुसऱ्या तऱ्हेत आवाज खरखरीत, घुसमटलेला आणि अल्पायुषी असतो. तार घोडीवर जवळजवळ पडून आहे, दर फेरीला जास्त वेळ चिकटते आणि जी ऊर्जा उपस्वरांना मिळायची ती तिथेच खर्च होते. दोन्हीला लोक "जवारी बसली" म्हणतात, पण दोऱ्याला सरकायचं असतं विरुद्ध दिशांना. कोणत्या आवाजाला दोरा कुठे न्यायचा हे तुमच्या घोडीच्या उतारावर ठरतं, म्हणून एकदा दोन्हीकडे नेऊन पाहा आणि आपल्या वाद्याची दिशा लक्षात ठेवा.

दोऱ्याची दोन्ही टोकं एका हाताच्या चिमटीत धरून अगदी थोडी ओढ द्या, दुसऱ्या हाताने तार संथ छेडत राहा. सरकवण्याचं माप मिलिमीटरचा लहानसा भाग असतं. झोत उघडला, आणखी सरकवल्यावर खरखर सुरू झाली, की जरासं मागे या. जागा सापडते ती या दोन टोकांच्या मधे.

जागा सापडते पण टिकत नाही, हीच तर मूळ तक्रार. त्याची मला आढळणारी कारणं तीन.

पहिलं कारण दोरा स्वतः. सुती दोरा तारेच्या दाबाखाली चपटा होतो. तो कागदाच्या जाडीइतका जरी दबला तरी तार तेवढी खाली येते, आणि इथे सगळा खेळच त्या मापाचा आहे. नवा दोरा लावल्यावर पहिल्या तासाभरात जवारी उतरली तर ते अपेक्षितच आहे. दोरा दबू द्या आणि पुन्हा जागा शोधा. जुना दोरा मात्र बाहेर काढून बघा. त्यावर तारेचा चपटा ठसा उमटला असेल, तंतू सुटले असतील किंवा तारेचा काळा मळ मुरला असेल तर तो टाकून द्या. चारही तारांना एकाच जाडीचा दोरा चालेलच असं नाही. खर्जाची पितळी तार जाड आणि सैल असते, तिचा झोका मोठा असतो. तिला जोडीच्या पोलादी तारांपेक्षा वेगळा दोरा लागू शकतो.

दुसरं कारण घोडीवरची खाच. तार वर्षानुवर्षं एकाच रेषेत टेकून पृष्ठभागात चर पाडते. चर पडला की तारेला उतार मिळत नाही, खड्ड्याची कड मिळते. ओळखायची खूण अशी: दोरा सरकवताना झोत सरकत न जाता एकदम उघडतो आणि एकदम बंद होतो, मधली जागाच नसते. खात्री करायची तर तार जरा सैल करून घोडीवर बाजूला सरकवा, तारेच्या जाडीइतकी, म्हणजे ती न झिजलेल्या पृष्ठभागावर येईल. पुन्हा स्वरात आणा आणि मध्याची परीक्षा घ्या. आता पास झाली तर दोष पृष्ठभागाचा. तात्पुरतं काम तिथेच ठेवून भागतं, पण ही दुरुस्ती घरची नाही.

तिसरं कारण तार. पितळी तार काळवंडते, घोडीवर टेकण्याच्या जागी तिला खळी पडते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. मग तिचे उपस्वर मूळ स्वराच्या नेमक्या पटीत राहत नाहीत. मध्यावर बोट ठेवून येणारा षड्ज जोडीच्या नव्या तारेच्या षड्जाशी जुळत नसेल, आणि मोकळ्या खर्जाचा स्वर मात्र बरोबर वाटत असेल, तर तार बदला. अशा तारेवर दोऱ्याशी कितीही झटापट केली तरी उपस्वर एकमेकांत मिसळणार नाहीत.

घोडीचे पाय तबलीवर नीट बसलेत का, मणी कुठे तबलीला लागून किणकिणतो का, हे एकदा बघून घ्या. ही कारणं दुर्मिळ आहेत, पण बघायला क्षणही लागत नाही.

सगळ्या तारा पास झाल्या तर

आता दुसरी बाजू. प्रत्येक तार एकटी सुंदर बोलते, चारही एकत्र छेडल्या की नाद थरथरतो, किंवा कडवट वाटतो. इथे उपस्वर मुबलक आहेत, पण ते एकमेकांवर बसत नाहीत.

जोडीच्या दोन तारांमध्ये ०.२ हर्ट्झचा फरक असेल तर मूळ षड्जात पाच सेकंदांत एक हेलकावा येतो. इतका संथ हेलकावा बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. पण दहाव्या उपस्वरावर तोच फरक दहापट होतो: २ हर्ट्झ, सेकंदाला दोन हेलकावे. विसाव्यावर चार. जवारी उघडी असल्यामुळे हे वरचे उपस्वर ठळक ऐकू येतात, म्हणून जो बेसूरपणा दुसऱ्या वाद्यात लपला असता तो इथे उघडा पडतो. चांगली जवारी काढून आणल्यावर "आता तंबोरा जास्तच बेसूर वाटतो" अशी तक्रार येते तिचं कारण हेच. वाद्य बिघडलेलं नसतं, ते अधिक खरं सांगू लागलेलं असतं.

पूर्ण स्थिर, हेलकावाच नसलेली जोडी साधणं कठीण असतं, आणि मला ती आवडतही नाही. अतिशय संथ हेलकावे, जे एका आवर्तनात वरच्या उपस्वरांना एखाद्या वेळी हलवून जातात, ते नादाला जिवंत ठेवतात. पण सेकंदाला तीन-चार थरथरी येऊ लागल्या की गाणाऱ्याला षड्ज कुठे ठेवावा हे कळेनासं होतं.

पंचमाच्या बाबतीत एक ठरावीक अडचण फोनवरच्या ट्यूनर अ‍ॅपमुळे येते. बहुतेक अ‍ॅप समान अंतराच्या सप्तकावर चालतात. खर्ज ६९.३० असेल तर अशा अ‍ॅपचा मंद्र पंचम १०३.८३ येतो. नैसर्गिक पंचम, म्हणजे खर्जाचा नेमका दीडपट, १०३.९५ च्या आसपास असतो. फरक सुमारे ०.१२ हर्ट्झ. आता बघा: खर्जाचा तिसरा उपस्वर आणि पंचमाचा दुसरा, हे दोन्ही २०८ हर्ट्झजवळ एकत्र येतात. तिथे फरक दुप्पट होऊन चार-सव्वाचार सेकंदांत एक हेलकावा पडतो. खर्जाचा बारावा आणि पंचमाचा आठवा जिथे भेटतात तिथे जवळजवळ सेकंदाला एक. त्याच्या दुप्पट उंचीवर सेकंदाला दोन. पडद्यावर हिरवा दिवा आणि नादात न थांबणारी लाट, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. शिवाय जवारी उघडी असताना मूळ कंपन क्षीण आणि उपस्वर मोठे असतात, म्हणून अ‍ॅप खर्जाऐवजी कधी षड्ज, कधी पंचम दाखवतं. जवळपास पोहोचेपर्यंत अ‍ॅप वापरा, शेवटचं मिळवणं कानानेच करा.

कान कुठे लावायचा? दोन तारांच्या मूळ स्वरांकडे ऐकू नका. त्यांचा जो समाईक उपस्वर आहे तो धरा. खर्ज आणि पंचम मिळवताना २०८ हर्ट्झचा मध्य पंचम ऐका, म्हणजे पंचमाच्या तारेच्या एक सप्तक वरचा पंचम. तो नेमका कोणता हे कळण्यासाठी आधी खर्जाच्या तारेवर एक तृतीयांश लांबीला हलकं बोट ठेवून तो वाजवून घ्या. मग दोन्ही तारा मोकळ्या छेडा आणि तो स्वर जिथे डोलायचा थांबतो तिथवर पंचम आणा. ऐकायचं छेडल्यानंतर थोड्या वेळाने, कारण जोरात छेडलेल्या तारेचा स्वर आरंभी किंचित चढा असतो.

पंचम नेमका लागला की एक पडताळा आपोआप मिळतो. पंचमाच्या तारेचा पाचवा उपस्वर शुद्ध निषादावर आणि तिसरा ऋषभावर येतो. खर्जाचा नववाही त्याच ऋषभाच्या वरच्या सप्तकात येतो आणि पंचमाच्या सहाव्याशी मिळतो. म्हणून चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यात ऋषभ आणि निषाद वर कुठेतरी तरळताना ऐकू येतात. गंधार ऐकू येतो पण ऋषभ सतत थरथरतो, असं असेल तर खर्ज ठीक आहे आणि पंचमाकडे परत जा.

एक तंबोरा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता हे सगळं एका वाद्यावर. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाचा पुरुषी तंबोरा, स्वतःच्या गाण्यासाठी काळी एकला लावलेला. घरात दुसरं कुणी पांढरी दोनला गायचं, तेव्हा तो तंबोरा अर्ध्या स्वराने वर चढवला जायचा आणि नंतर परत उतरवला जायचा. तक्रार वर सांगितली तीच: खर्जाची जवारी टिकत नाही.

मध्याच्या परीक्षेत जोडीच्या दोन्ही तारा आणि पंचम पास झाले. खर्ज नापास, आवाज गोल आणि सपाट. त्याने सवयीने दोरा ओढला, जवारी उघडली, पण आता खर्ज जोडीशी डोलू लागला. त्याने खुंटी किंचित पिळली, स्वर मिळाला आणि जवारी पुन्हा बसली. पूर्ण चक्र डोळ्यांसमोर.

कारण साधं होतं. खुंटी पिळली की तार घोडीवरून दांडीच्या दिशेने सरकते आणि दोऱ्याला आपल्याबरोबर नेते. स्वर उतरवला की तार मागे येते, पण दोरा घर्षणाने अडकलेला असतो, तो तितका मागे येईलच असं नाही. मणी सरकवल्यानेही हेच होतं, फक्त फार कमी. आणि दोरा हलला की तारेची वाजणारी लांबी बदलते. ९५ सेंटिमीटरमध्ये एक मिलिमीटर म्हणजे हजारात एक. ६९.३ वर तो फरक ०.०७ हर्ट्झ, जोडीच्या तारेवर ०.१४ ते ०.१५. मूळ स्वरात कुणाला कळणारही नाही इतका. पण विसाव्या उपस्वरावर खर्जाचा तोच फरक दीड हर्ट्झ होतो. म्हणजे दोरा लावणारा हात नकळत स्वर बिघडवतो, आणि स्वर लावणारा हात नकळत दोरा.

म्हणून क्रम ठरवला. पट्टी बदलताना आधी दोरा पूर्ण बाहेर काढायचा. खुंटीने तार हव्या स्वराच्या अगदी जवळ, किंचित खाली आणायची. तार छेडत, हलकी ओढत ती स्थिर होऊ द्यायची. मग दोरा घालून जवारी उघडायची. त्यानंतर खुंटीला हात न लावता उरलेला फरक फक्त मण्याने भरायचा. मणी भोपळ्याच्या तळाकडे ढकलला की स्वर चढतो. मण्यानंतर जवारी पुन्हा ऐकायची, लागला तर दोरा केसभर हलवायचा, आणि एक शेवटची मण्याची फेरी. दुसऱ्या फेरीत हालचाली इतक्या लहान असतात की एक दुसऱ्याला बिघडवत नाही.

या क्रमाने काळी एकला खर्ज उघडला आणि संपूर्ण बैठकीत टिकला. पांढरी दोनला मात्र तो दोऱ्याची जागा कशीही बदलली तरी एकदम उघडायचा आणि एकदम बंद व्हायचा. तार बाजूला सरकवून पाहिली आणि जवारी मोकळी झाली. म्हणजे खाच होतीच. काळी एकच्या ताणाला तिच्याशी जुळवून घेता येत होतं, जास्त ताणाला नाही. दोन बिघाड एकावर एक होते, आणि पहिला दूर केल्याशिवाय दुसरा दिसला नसता.

पंचमाच्या तारेला हा क्रम आणखी आवश्यक आहे. पंचम वर्ज्य असलेल्या रागासाठी ती मध्यमावर उतरवली की १०४ वरून ९२.४ वर येते. ताण इतका बदलतो की जुनी दोऱ्याची जागा लागू पडतच नाही. ती तार हलवली की तिचा दोरा नव्याने लावायचाच, हे गृहीत धरा.

कारागिराकडे नेताना

खाच निघाली, किंवा दोरा नवा, तार नवी आणि क्रम बरोबर असूनही मध्याची परीक्षा नापास होत राहिली, तर घोडी घासून जवारी काढून घ्यावी लागते. घरी काचकागदाने प्रयत्न करू नका. उतार चुकीच्या ठिकाणी एकदा खाली गेला की तो परत आणता येत नाही, आणि घोडीच्या माथ्यावर खर्चायला हाड फार थोडं असतं.

वाद्य नेताना तुम्ही ज्या तारा वापरता त्याच त्यावर चढवलेल्या असू द्या, आणि तुमची पट्टी सांगा. जवारी विशिष्ट ताणासाठी काढली जाते. दोन पट्ट्यांत वाजवत असाल तर दोन्ही सांगा, म्हणजे कारागीर उतार मधला ठेवेल. आवाज उघडा हवा की जरा बंद, हेही आधीच बोला. उघड्या जवारीत वरचे उपस्वर भरपूर आणि तेजस्वी असतात, बंद जवारीत कमी आणि मऊ. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी चारही तारांची मध्याची परीक्षा घ्या आणि प्रत्येक दोरा घोडीच्या कडेपासून किती अंतरावर आहे ते मोजून लिहून ठेवा. पुढच्या वेळी जवारी बसली की त्या चार मापांवरून लगेच कळेल, दोरा हलला आहे की घोडी झिजली आहे.